तापवल्यावर SO₃ कमी का होतो? अकरावीच्या समतोलातली एक अडचण

ऐरोली_सेक्टर

माझी भाची ठाण्यात अकरावी सायन्सला आहे. रविवारी माझ्याकडे अभ्यासाला येते. परवा तिच्या क्लासच्या चाचणीत दोन प्रश्न होते.

पहिला: N₂O₄ ⇌ 2NO₂, ΔH = +57 kJ
दुसरा: 2SO₂ + O₂ ⇌ 2SO₃, ΔH = −198 kJ

दोन्हींत एकच विचारलं होतं, तापमान वाढवलं तर उजवीकडचा पदार्थ वाढेल की कमी होईल. तिने दोन्हीकडे लिहिलं, "वाढेल, कारण तापवल्यावर रिअ‍ॅक्शन जोरात होते." पहिल्याला पूर्ण मार्क आणि दुसऱ्याला शून्य. आता ती मला विचारते, कारण तेच आहे, मग एकदा बरोबर आणि एकदा चूक कसं?

नियम मला माहीत आहे. ΔH ऋण असेल तर तापवल्यावर समतोल डावीकडे जातो, धन असेल तर उजवीकडे. तो मी तिला सांगितलाही. पण तिला नियम नकोय, तापवल्यावर जोर वाढतो हे खोटं आहे का, एवढंच तिला कळून घ्यायचं आहे. तिचा प्रश्न मला रास्त वाटतो. कुणी नीट समजावून सांगेल का? गणित नको, अजून तिथवर ते पोचलेले नाहीत.

तलावपाळी

मी वीस-एक वर्षं अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतोय. सर्वात सोपा उपाय सांगतो. उष्णता हाही एक पदार्थच आहे असं समजून समीकरणात लिहायचा. SO₃ च्या रिअ‍ॅक्शनमध्ये उष्णता बाहेर पडते, म्हणून ती उजवीकडे:

2SO₂ + O₂ ⇌ 2SO₃ + उष्णता

तापवणं म्हणजे उजवीकडे उष्णता ओतणं. उजवीकडे काही वाढवलं की समतोल डावीकडे सरकतो. N₂O₄ ला उष्णता लागते, म्हणून तिथे ती डावीकडे लिहायची, आणि तापवल्यावर समतोल उजवीकडे. मुलांचं यात कधी चुकत नाही.

शिवाय ΔH चा आकडा बघायला शिकवा. −198 म्हणजे चांगलाच मोठा ऋण आकडा, म्हणजे ही रिअ‍ॅक्शन जवळजवळ पूर्ण होते. +57 म्हणजे ती मुळातच नाखूश, थोडीच पुढे जाते.

कळवा_नाका

मी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. N₂O₄ चं उत्तर तर डोळ्यांनी दिसतं, म्हणून सांगते.

आमच्याकडे काचेच्या दोन नळ्या आहेत, दोन्ही टोकांनी वितळवून बंद केलेल्या, आत हाच वायू. N₂O₄ ला रंग नसतो, NO₂ तपकिरी असतो. टेबलावर असताना दोन्ही नळ्या सारख्याच तपकिरी दिसतात. एक बर्फाच्या पाण्यात ठेवायची, दुसरी गरम पाण्याच्या बीकरमध्ये. बघता बघता बर्फातली फिकट पिवळसर होते आणि गरम पाण्यातली गडद तपकिरी. मग नळ्यांची अदलाबदल केली की रंगही बदलतात. कितीही वेळा करा, तेच. मागे पांढरा कागद धरला तर शेवटच्या बाकावरूनही फरक कळतो.

एक हुशार मुलगा दरवर्षी विचारतो की तापल्यावर वायू प्रसरण पावतो म्हणून रंग बदलत असेल. नळी बंद आहे, आतली जागा तेवढीच राहते, आणि प्रसरण झालंच असतं तर रंग फिकट झाला असता. गडद होतो याचा अर्थ तपकिरी रेणूच वाढले. हा वायू विषारी आहे, त्यामुळे घरी काही करू नका, कॉलेजमध्ये दाखवायला सांगा.

पारसिक

ऐरोली, भाचीने लिहिलेलं खोटं नाही, अर्धं आहे. तापवल्यावर रिअ‍ॅक्शन जोरात होते, पण कुठली? समतोलाला आलेल्या भांड्यात दोन रिअ‍ॅक्शन चालू असतात. SO₂ आणि O₂ मिळून SO₃ होतो, आणि त्याच वेळी SO₃ तुटून पुन्हा SO₂ आणि O₂ होतात. दोन्हींचा वेग सारखा असतो म्हणून बाहेरून काही बदलताना दिसत नाही. तापवलं की दोन्हींचा वेग वाढतो. समतोल कुठे सरकणार हे ठरतं ते दोघांपैकी कुणाचा वेग जास्त पटीने वाढला यावर. तिने एकाच बाजूचा वेग मोजला. N₂O₄ मध्ये नेमकी तीच बाजू जास्त पटीने वाढते, म्हणून तिथे उत्तर जुळलं.

कुणाचा वेग जास्त पटीने वाढेल हे ΔH चं चिन्ह सांगतं. त्यासाठी बोरघाट डोळ्यासमोर आणा. लोणावळ्याकडून निघालात तर घाटमाथा जवळ, चढ थोडासा. खोपोलीकडून निघालात तर छातीवरचा चढ. SO₂ आणि O₂ लोणावळ्याला आहेत असं धरा आणि SO₃ खोपोलीला. लोणावळ्याहून माथा ओलांडून खोपोलीला उतरलं की एकूण उंची कमी होते, ती ऊर्जा बाहेर पडते, म्हणून ΔH ऋण. परत यायचं तर आधी तो सगळा चढ चढावा लागतो.

आता तापमान म्हणजे रेणूंच्या पायातलं बळ. बळ बेताचं असेल तेव्हा लोणावळ्याकडचा लहान चढ काही जण तरी चढतात, खोपोलीकडचा जवळजवळ कुणीच नाही. त्यामुळे सगळे उतरून खोपोलीत साठतात, म्हणजे SO₃ भरपूर. बळ वाढवलं की दोन्हीकडून चढणारे वाढतात. पण लहान चढ आधीही जमत होता, तिथे वाढ थोड्या पटीची. मोठ्या चढावर आधी कुणी पोचतच नव्हतं, तिथे वाढ मोठ्या पटीची. काही काळ खोपोलीहून वर येणारे खाली जाणाऱ्यांपेक्षा जास्त होतात, खोपोलीतली गर्दी ओसरते, आणि मग दोन्ही वेग पुन्हा सारखे होतात. नवा समतोल आला, पण त्यात SO₃ कमी.

N₂O₄ मध्ये गावांची अदलाबदल करा. तिथे N₂O₄ खोपोलीला आहे आणि NO₂ लोणावळ्याला. पुढे जाणारी वाटच मोठ्या चढाची, म्हणून तापवण्याचा फायदा तिलाच जास्त.

तलावपाळी, उष्णता समीकरणात लिहिण्याची युक्ती दिशा बरोबर सांगते, परीक्षेत खुशाल वापरावी. पण ΔH च्या आकड्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते पटत नाही. समतोल किती पुढे गेलाय हे एकटा ΔH सांगत नाही. तो सांगतो की तापमान बदललं तर समतोल कुठे आणि किती जोरात हलेल. N₂O₄ चंच बघा. ΔH धन आहे, तरी उकळत्या पाण्याच्या तापमानाला नळीत मुख्यतः NO₂ च असतो. आणि एस्टर तयार होण्याच्या रिअ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि अल्कोहोल, ΔH शून्याच्या जवळ असतो. तिथला समतोल स्थिरांक 4 च्या आसपास असतो आणि तापवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. तापवतात ते फक्त लवकर व्हावं म्हणून.

तलावपाळी

एस्टरचं मान्य. पण अकरावीच्या मुलाला दोन वेग, दोन चढ हे सगळं सांगत बसलं तर तो पेपरात काय लिहिणार? तपासणाऱ्याला "उष्माग्राही दिशेला समतोल सरकतो" हे वाक्य हवं असतं. आधी ते पक्कं होऊ दे. 'का' नंतर.

ऐरोली_सेक्टर

वाक्य तिचं पक्कं आहे हो, 'का' नाही म्हणूनच तर ती अडून बसली आहे. घाटाचं मी तिला फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मावशी, समीकरण उलटं लिहिलं तर? 2SO₃ ⇌ 2SO₂ + O₂ असं लिहिलं तर ΔH +198 होईल. मग तापवल्यावर उजवीकडे. म्हणजे SO₃ तुटतो. उत्तर तेच आलं." मला फार आनंद झाला. हे बरोबर आहे ना?

आणि तिचाच पुढचा प्रश्न. थंडीत SO₃ जास्त मिळत असेल तर कारखान्यात थंडच का ठेवत नाहीत? पुस्तकात तर चारशेच्या वर तापमान दिलंय.

पारसिक

अगदी बरोबर. चिन्ह नेहमी समीकरण ज्या दिशेने लिहिलंय त्या दिशेचं असतं. समीकरण उलटं केलं की चिन्ह उलटं, आणि भांड्यातला खरा बदल तोच राहतो. गोंधळ झाला की दोन्ही बाजूंनी लिहून बघायचं, उत्तर सारखं यायलाच हवं.

कारखान्याचं सविस्तर लिहितो, थोड्या वेळाने.

तलावपाळी

तोवर मी सांगतो. तिथे V₂O₅ हा कॅटॅलिस्ट असतो. त्याच्यामुळे जास्त तापमानालाही SO₃ भरपूर मिळतो.

पारसिक

कॅटॅलिस्टने समतोलातला SO₃ वाढत नाही. घाटात बोगदा काढल्यासारखं आहे, माथा दोन्ही बाजूंनी सारख्याच उंचीने खाली येतो. जाणारेही वाढतात, येणारेही त्याच पटीने वाढतात. समतोल लवकर येतो, पण येतो तिथेच.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या प्लांटवर मी बरीच वर्षं शिफ्ट केली. भाचीचा प्रश्न तिथे रोज समोर उभा असायचा.

SO₂ आणि हवा खोलीच्या तापमानाला एकत्र ठेवली तर समतोलाच्या हिशेबाने जवळजवळ सगळ्याचा SO₃ व्हायला हवा. होत काहीच नाही, कारण लहान चढसुद्धा कुणाला चढता येत नाही. V₂O₅ चा कॅटॅलिस्ट घातला तरी तो चारशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून वायू साधारण 420 अंशांना कन्व्हर्टरच्या पहिल्या थरात सोडतात. त्या तापमानाला समतोल अजूनही छान आहे, 98 टक्क्यांच्या आसपास SO₂ बदलू शकतो.

पण ΔH ऋण आहे. रिअ‍ॅक्शन पुढे गेली की उष्णता सुटते, आणि ती त्याच वायूला तापवते. थरातून खाली येता येता वायू सहाशेच्या वर जातो. सहाशेला समतोल काय म्हणतो? साधारण 73 टक्के. म्हणजे रिअ‍ॅक्शनच्या स्वतःच्या उष्णतेने तिचीच वाट अडते. पहिल्या थरातून बाहेर पडताना दोन तृतीयांशाच्या आसपास SO₂ बदललेला असतो आणि तिथे गाडी थांबते. थर आणखी जाड केला, कॅटॅलिस्ट दुप्पट ओतला, तरी पुढे जात नाही.

उपाय एकच, वायू बाहेर काढून थंड करायचा. पुन्हा चारशे तीस-चाळीसपर्यंत आणून दुसऱ्या थरात सोडला की समतोल परत वर गेलेला असतो, तेवढी जागा मोकळी झालेली असते. तिथे नव्वदीपार. मग पुन्हा थंड, पुन्हा थर. कन्व्हर्टरमध्ये चार-पाच थर असतात ते याचसाठी. पुस्तकातलं चारशेच्या वरचं तापमान ही तडजोड आहे. खाली गेलं तर वेग मरतो, वर गेलं तर समतोल मागे येतो.

कळवा_नाका

हे छान सांगितलंत. मग एक विचारते. पहिल्या थराबाहेर SO₂ जास्त येतोय असं दिसलं, तर तो समतोलाने अडलाय की कॅटॅलिस्ट थकलाय, हे प्लांटवर ओळखायचं कसं? दोन्हीकडे आकडा तर सारखाच वाईट दिसणार.

पारसिक

हाच प्रश्न प्रत्येक नव्या मुलाला पडतो. आणि तो पहिली गोष्ट हीच करायला जातो, वेग वाढावा म्हणून आत येणारा वायू आणखी तापवतो. म्हणजे भाचीचं उत्तर, फक्त कन्व्हर्टरवर.

बघायचं असतं ते थराच्या वरच्या आणि खालच्या तापमानातलं अंतर. जितका SO₂ बदलला, तितकी उष्णता सुटली, तितकं अंतर मोठं. म्हणजे ते अंतरच सांगतं किती काम झालं. आता आत येणारं तापमान थोडं वाढवून बघा. 420 चं 450 केलं आणि बाहेरचं तापमान तीस अंशांनी न वाढता त्याच्या निम्म्याच्या आसपास वाढलं, तर अंतर कमी झालं. म्हणजे तापवल्याने SO₃ घटला, थर समतोलाला टेकलेला आहे. तिथे उलट आत येणारं तापमान उतरवायला हवं, कॅटॅलिस्ट चालेल तेवढ्या बेताने.

तापवल्यावर अंतर वाढलं, तर वेगच कमी पडत होता. वायू थंड येत असेल नाहीतर कॅटॅलिस्ट मंदावला असेल. तिथे तापवण्याचा खरंच फायदा होतो. पण तापवत राहू नये, सव्वासहाशेच्या वर बराच काळ राहिला तर कॅटॅलिस्टच खराब व्हायला लागतो.

घोडबंदर

मी कॉमर्सचा माणूस, पण धागा वाचत बसलो. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. कॅमेऱ्याच्या डब्यात मी निळ्या दाण्यांची सिलिका जेल ठेवतो. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत दाणे गुलाबी होतात. तापवले की पुन्हा निळे. म्हणजे थंडीत गुलाबी, गरमीत निळे, म्हणजे ΔH धन. बरोबर लावलं का मी?

कळवा_नाका

चिन्ह बरोबर, कारण दुसरं. दाण्यांवर कोबाल्ट क्लोराइड असतं. पाणी धरलं की गुलाबी, पाणी सुटलं की निळं, आणि पाणी सोडायला उष्णता लागते हे खरं. पण तुमचे दाणे पावसाळ्यात गुलाबी झाले ते थंडीने नाही, हवेतल्या ओलाव्याने. आणि तापवल्यावर निळे झाले तेव्हा पाणी वाफ होऊन निघून गेलं, ते परत यायला भांड्यात उरलंच नाही. हा समतोल तापमानाने सरकण्यापेक्षा वेगळा प्रकार आहे, इथे एक पदार्थच बाहेर गेला.

लॅबमध्ये आम्ही हेच कोबाल्ट क्लोराइड पाण्यात, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून परीक्षानळीत घेतो. गरम पाण्यात धरली की निळी, बर्फात धरली की गुलाबी, नळी तीच, पाणी तेच. ओळखायची खूण सोपी आहे. थंड झाल्यावर रंग आपोआप परत येतो का? नळीत येतो. तुमचे निळे दाणे कोरड्या डब्यात थंड झाले तरी निळेच राहतात.

आणि ते दाणे स्वयंपाकाच्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. कोबाल्टचे क्षार पोटात जाणं चांगलं नाही.

घोडबंदर

तव्यावरच तापवत होतो. आजपासून बंद, वेगळं भांडं घेतो. मग गुलाबी दाणे घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून ठाण्याच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवले तर? पाणी बाहेर जाणार नाही. निळे होतील का?

कळवा_नाका

दिशा निळ्याकडचीच. थोडा तरी फरक दिसायला हवा असं मला वाटतं, आणि सावलीत आणल्यावर परत गुलाबी.

पारसिक

दिशेबद्दल वाद नाही, डोळ्यांना दिसण्याबद्दल शंका आहे. सिलिकाच पाणी घट्ट धरून ठेवते आणि उन्हात बाटली तापून किती तापणार. सुटलेल्या पाण्याला बाटलीत मोकळी जागाही फार नसेल. अर्धवट गुलाबी, जांभळट झालेले दाणे घेतले तर कदाचित दिसेल, पूर्ण गुलाबी घेतले तर मला वाटतं नाही.

ऐरोली_सेक्टर

भाचीला हा प्रयोग करायचा आहे. उरलेल्या गोष्टी ती स्वतः ठरवते आहे: दोन सारख्या बाटल्या, सारखेच दाणे, एक उन्हात, एक सावलीत, दोन्हींच्या मागे पांढरा कागद. घोडबंदर, जांभळट झालेले थोडे दाणे असतील तर सांगा, ठाण्यातून ती येऊन घेऊन जाईल.

घोडबंदर

आहेत, बाजूला काढून ठेवतो. बाटलीची झाकणं रबराच्या चकतीची असू देत, साधी स्टीलची झाकणं पावसात ओलावा आत घेतात असा माझा अनुभव आहे.